फोटोतला सर्वांत ठळक ठिपका ग्रहच असतो का?

«रात्रीच्या फोटोत जो ठिपका सर्वांत मोठा आणि न लुकलुकणारा दिसतो, तो ग्रह. लालसर असेल तर मंगळ, पांढरा असेल तर गुरू. नक्षत्रं ओळखता येण्याची गरजच नाही.»

लुकलुकण्याचा निकष फोटोला लागूच पडत नाही. तारा सेकंदाला अनेकदा लुकलुकतो, पण दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ते सारे चढउतार एकाच ठिपक्यात मिसळून जातात. ठिपक्याच्या आकाराचेही तसेच आहे. सुमारे 70 अंशांचे आकाश 4000 पिक्सेलच्या रुंदीत मावते, तेव्हा एका पिक्सेलवर साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, येतो. गुरूचे बिंब जवळ असतानाही याहून लहान असते, म्हणजे फोटोत दिसतो तो प्रकाशाचा पसारा, बिंब नव्हे. तेजस्वी तारादेखील तसाच पसरतो. रंगावर तर विसंबूच नये, कारण ठिपका अतिप्रकाशित झाला की मंगळही पांढरट दिसतो, आणि रोहिणी व काक्षी हे तारे मुळातच तांबूस आहेत.

खरी ओळख पटते ती जागेवरून. 2025 च्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री नऊच्या सुमारास टिपलेला एखादा विस्तृत फोटो घ्या. त्यात तीन ठिपके डोळ्यांत भरतात. आधी मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे एका रेषेतले तीन तारे, शोधावा. ही रेषा एका बाजूला वाढवली की पहिला ठिपका, व्याध, सापडतो. दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका लागतो. क्रांतिवृत्त, म्हणजे ताऱ्यांमधून जाणारा सूर्याचा वार्षिक मार्ग, रोहिणी आणि कृत्तिका यांच्या मधून जाते, आणि डोळ्यांना दिसणारा कोणताही ग्रह त्यापासून नऊ अंशांहून दूर जात नाही. व्याध सुमारे 40 अंश दूर आहे, त्यामुळे तो कितीही झगमगला तरी ग्रह ठरू शकत नाही.

दुसरा ठिपका रोहिणीच्या उत्तरेला सुमारे पाच अंशांवर, बाणाच्या लांबीच्या दुपटीहून किंचित कमी अंतरावर आहे. तारानकाशात त्या जागी इतका तेजस्वी तारा नाही, म्हणून तो गुरू. तिसरा पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारी उपरा बसला आहे, तो मंगळ. त्या दिवसांत मंगळ आणि व्याध यांची तेजस्विता जवळपास सारखी होती, हे दाव्याच्या कैवाऱ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. फोटोच्या कडेला मात्र विस्तृत भिंग आकृत्या ताणते, म्हणून अंतरांची तुलना मध्यभागीच करावी.

शंका उरलीच, तर आठवड्याने पुन्हा फोटो काढावा. मंगळ तेवढ्यात जवळपास बाणाच्या लांबीइतका सरकलेला दिसेल. गुरू मात्र 4 फेब्रुवारीच्या आसपास स्तंभी, म्हणजे ताऱ्यांच्या तुलनेत जवळपास स्थिर, होता, त्यामुळे तो हलला नाही म्हणून त्याला तारा ठरवणे चुकीचे होईल; तिथे लांब भिंगाने, कमी एक्स्पोजर देऊन, त्याच्या दोन्ही अंगांना एका ओळीत दिसणारे उपग्रह टिपावेत.