मॉर्गनचं टेबल, 384 आणि आपलं सोलापूर

प्रोजेक्टचा मोसम आला की माझं व्हॉट्सॲप गूगल फॉर्मनी भरून जातं. "सर, दोनच मिनिटं लागतील, आणि जमलं तर तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर पण टाका की." मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे फॉर्म भरणं आणि पुढे तेच प्रोजेक्ट वाचणं ही दोन्ही कामं माझ्याच वाट्याला येतात. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

विषय बहुतेक असा असतो: 'सोलापूर शहरातील नागरिकांचा यूपीआय वापराकडे पाहण्याचा दृष्टिकोन'. तिसऱ्या प्रकरणात लिहिलेलं असतं की शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास, मॉर्गनच्या टेबलानुसार नमुना 384, आम्ही 412 घेतला, पद्धत 'सिंपल रँडम सॅम्पलिंग', म्हणजे सगळ्यांना सारखी संधी देऊन चिठ्ठीने केलेली निवड. तोंडी परीक्षेत विचारलं, की बाबा रे, हे 412 जण निवडले कसे? उत्तर येतं, "सर, लिंक टाकली, ज्यांनी भरली ते." म्हणजे वर्गमित्र, होस्टेलवाले, कोचिंग क्लासचे ग्रुप आणि चार-दोन चुलत भाऊ. याला सोयीचा नमुना म्हणतात. हाताशी होते ते घेतले. त्यात पाप काही नाही. पण मग शीर्षकातले 'सोलापूर शहरातील नागरिक' कुठून आले?

आता 384 चं बघू. किती लोकसंख्येसाठी किती माणसांचा नमुना घ्यावा, ते सांगणारं हे टेबल क्रेजसी आणि मॉर्गन यांनी 1970 मध्ये छापलं आणि आपल्याकडच्या प्रबंधांत ते देव्हाऱ्यात जाऊन बसलं. आकडा येतो तो असा: 1.96 चा वर्ग गुणिले 0.5 गुणिले 0.5, भागिले 0.05 चा वर्ग. उत्तर 384.16. याचा अर्थ, इतकी माणसं घेतली तर शंभरातल्या साधारण 95 वेळा आपली टक्केवारी खऱ्या टक्केवारीपासून पाच अंकांपेक्षा जास्त लांब जाणार नाही. या पाच अंकांना चूकमर्यादा म्हणतात. पण हे गणित एका अटीवर उभं आहे, ती म्हणजे शहरातल्या प्रत्येक माणसाला नमुन्यात येण्याची सारखीच संधी हवी. अट मोडली तर 384 हा नुसता आकडा उरतो. टेबल सगळे वापरतात, अट कुणी वाचत नाही.

अट मोडल्यावर किती बिघडतं, ते हिशेब करून पाहू. आकडे मी समजुतीसाठी धरतोय, कुठल्या सर्वेक्षणातले नाहीत. समजा, शहरातल्या प्रौढांपैकी 20 टक्के लोक कॉलेजातल्या पोरांसारखे आहेत आणि त्यांच्यातले 95 टक्के यूपीआय वापरतात. उरलेल्या 80 टक्क्यांत ते प्रमाण 50 टक्के आहे. मग शहराचं खरं उत्तर 19 अधिक 40, म्हणजे 59 टक्के. लिंक मात्र पहिल्याच गटात फिरली, त्यामुळे आपल्याला 95 टक्के मिळाले. 384 जणांवर त्याची चूकमर्यादा सुमारे दोन अंक. "सर, मग नमुना वाढवतो की." वाढव. 3840 जण घेतले तर चूकमर्यादा 0.7 वर येईल, पण उत्तर 95 च्या जवळपासच राहील. खऱ्या उत्तरापासूनचं 36 अंकांचं अंतर तसूभरही कमी होत नाही. उलट चुकीचं उत्तर आता जास्त ठामपणे सांगता येतं. म्हणून मोठा नमुना बघून मी हुरळत नाही.

यापेक्षा छुपी गडबड पुढच्या प्रकरणात असते. दोन गोष्टींत संबंध आहे का ते तपासणारी काय-वर्ग चाचणी लावून निष्कर्ष लिहिलेला असतो: 'शिक्षण आणि यूपीआय वापर यांत संबंध आढळला नाही.' आढळणार कसा? नमुन्यातले सगळे बारावीपासून एम.कॉम.पर्यंतचे. विडी वळणारी, चौथीत शाळा सुटलेली मावशी त्यात नाही, निवृत्त गिरणी कामगार नाही. शिक्षणात फरकच नसेल तर शिक्षणाचा परिणाम दिसायला जागाच राहत नाही. वयाचंही तेच. हे ओळखायला मोठी विद्या लागत नाही. चौथ्या प्रकरणातलं पहिलं कोष्टक उघडा. '18 ते 25' समोर 90 टक्के दिसले, की वय आणि शिक्षणाबद्दलचे पुढचे सगळे 'संबंध नाही' बाजूला ठेवा.

हा रोग आपल्यापुरताच आहे असंही नाही. मानसशास्त्रात अमेरिकन विद्यापीठांतल्या पोरांवर प्रयोग करून 'माणूस असा वागतो' म्हणायची जुनी सवय होती. हेन्रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2010 मध्ये एक मोठा लेख लिहून तिच्यावर बोट ठेवलं. त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. टोकांना बाण असलेल्या दोन सारख्या लांबीच्या रेषांपैकी एक मोठी भासते, तो भास शाळेत आपण सगळ्यांनी पाहिलाय. हा भास अमेरिकन विद्यार्थ्यांना खूप होतो, आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या सान लोकांना जवळपास होतच नाही. डोळ्यांना काय दिसतं इथपर्यंत फरक पडत असेल, तर पैशाच्या सवयींचं काय सांगावं!

मग करायचं काय? मतदार यादी घ्या. पीडीएफमध्ये मिळते, भागनिहाय असते, म्हणजे प्रत्येक मतदान केंद्राची वेगळी. आपलं शहर प्रामुख्याने शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण सोलापूर या तीन मतदारसंघांत येतं. दक्षिणमधले खेड्यांचे भाग वगळा. उरलेल्यांतून 24 भाग चिठ्ठीने काढा, मात्र मोठ्या भागाला त्याच्या मतदारांच्या प्रमाणात जास्त संधी द्या. प्रत्येक भागातून 16 नावं घ्या. यादीत 960 नावं असतील तर दर साठावं. सुरुवात 1 ते 60 मधल्या एका चिठ्ठीने करायची. 37 निघाला तर पुढे 97, 157 असं. झाले 384, आणि यावेळी मॉर्गनच्या टेबलाचं नाव घ्यायला तोंड आहे. पूर्ण नाही, कारण एका भागातले लोक एकमेकांसारखे असतात, त्यामुळे 384 चं बळ प्रत्यक्षात थोडं कमी भरतं. यादीत नाव नसलेले स्थलांतरित सुटतात, तेही लिहावं लागतं.

खरी कसोटी दारात लागते. यंत्रमाग कामगार पाळीला गेलेला असतो, तर रात्रपाळीवाला सकाळी झोपलेला. घरी नाही म्हणून शेजारच्याला विचारलं, की पुन्हा घरी सापडणाऱ्यांचा नमुना तयार झाला! वेगळ्या वेळी दोन-तीनदा जायचं, तरी नाही भेटला तर 'भेटला नाही' म्हणून मोजायचं. आणि अशोक चौकाकडे जाताना तेलुगू बोलणारा सोबती हवाच. इंग्रजी गूगल फॉर्म तिथे काय कामाचा?

"सर, एवढं सहा महिन्यांत कोण करणार?" रास्त प्रश्न आहे. हातात पैसे नाहीत आणि मार्गदर्शकाच्या डोक्यावर पंधरा पोरं. मला वर्गातला नमुना चालतो. शीर्षकात 'सोलापुरातील एका महाविद्यालयाचे विद्यार्थी' लिहा, पद्धतीच्या जागी 'सोयीचा नमुना' लिहा. किंवा प्रयोग करा: त्याच 120 पोरांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा, एकाला फसवणुकीच्या मेसेजचा इशारा दाखवा, दुसऱ्याला नको, आणि मग खोटा मेसेज कोण ओळखतो ते पाहा. गट चिठ्ठीने पडल्यामुळे फरक दिसला तर तो बहुधा इशाऱ्यामुळेच, असं म्हणता येतं, निदान या पोरांपुरतं. साठीच्या आजोबांवर तो इशारा चालेल का, हे त्यातून कळत नाही.

यंदा माझ्याकडे येणाऱ्यांनी तिसऱ्या प्रकरणात एवढं तरी लिहून आणा: लिंक कुठल्या ग्रुपवर टाकली, त्यात किती जण होते, किती जणांनी भरली. 'सिंपल रँडम' लिहिलेलं दिसलं तर मी यादी मागणार आहे.