छक्की पडली, पण दुर्री कुठे आहे?

ब्रिजच्या टेबलावर डाव बुडाला की हमखास कानावर पडणारं वाक्य म्हणजे, “अहो, मी काउंट दिला होता ना!” त्यावर समोरून ठरलेलं उत्तर येतं, “मला वाटलं, तुम्ही तो रंग मागताय.” दोघंही खरंच बोलत असतात. एकाने पान टाकलं ते एका प्रश्नाचं उत्तर म्हणून, दुसऱ्याने ते वाचलं भलत्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून.

माझं मत जरा कडक आहे. आपल्याकडे लोक पानांतून पार्टनरला सिग्नल द्यायच्या पद्धती शिकतात, लॅविंथल शिकतात, ऑड-इव्हन डिस्कार्ड शिकतात, उलटे सिग्नल घेतात, आणि कुठल्या वेळी कुठला सिग्नल हे ठरवायचं राहून जातं. मग पद्धत कितीही भारी असली तरी एक्का चुकीच्या हाताला पडतो.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिफेन्स करणाऱ्या दोघांना एकमेकांची पानं दिसत नाहीत, फक्त डमी दिसतो, म्हणजे डाव खेळणाऱ्या डिक्लेअररच्या पार्टनरची टेबलावर उघडी मांडलेली पानं. त्यामुळे टाकायच्या फालतू पानातूनच निरोप द्यावा लागतो. ॲटिट्यूड म्हणजे आवड-नावड: मोठं पान टाकलं तर “हा रंग चालू ठेव”, लहान टाकलं तर “नको”. काउंट म्हणजे त्या रंगाची माझ्याकडे किती पानं आहेत ते. आधी मोठं मग लहान असं टाकलं तर सम, आधी लहान मग मोठं तर विषम. मोठं-लहान टाकून खूण करण्याची ही युक्ती ब्रिजच्याही आधीची आहे. व्हिस्टच्या काळात, 1830 च्या दशकात, इंग्लंडमध्ये ती ‘ब्लू पीटर’ नावाने रूढ झाली. तेव्हा तिचा अर्थ एवढाच होता की पार्टनर, हुकूम खेळ.

आता मुद्द्यावर येतो. ज्या ठिकाणी काउंटशिवाय इलाजच नसतो, असा एक डाव मांडतो. बारकाईने बघा, कागद-पेन्सिल घेतलीत तर उत्तम.

दक्षिणेने टू नो ट्रंप उघडलं, म्हणजे 20-21 पॉइंट. उत्तरेने थ्री नो ट्रंप केलं, म्हणजे दक्षिण डिक्लेअरर आणि त्याला हुकुमाशिवाय नऊ हात करायचे आहेत. पश्चिमेने इस्पिक राणी खेळली आणि डमी खाली आला:

इस्पिक: सत्ती, पंजी
बदाम: अठ्ठी, छक्की, चव्वी
चौकट: राजा, राणी, गुलाम, दश्शी, चव्वी
किलवर: सत्ती, पंजी, तिर्री

तुम्ही पूर्वेला आहात, पश्चिम तुमचा पार्टनर. तुमच्याकडे इस्पिक अठ्ठी, चव्वी, तिर्री. बदाम गुलाम, नव्वी, पंजी. चौकट एक्का, अठ्ठी, तिर्री. किलवर राजा, राणी, दश्शी, नव्वी.

डिक्लेअररने इस्पिक राजाने हात घेतला आणि लगेच चौकट पंजी खेळला. डमीत चौकटशिवाय शिरायला जागा नाही हे तुम्हाला दिसतंय. म्हणजे एक्का दाबून ठेवायचा, पण किती वेळ? डिक्लेअररकडे चौकटची दोनच पानं असतील तर दुसऱ्या हाताला घ्यायचा. तीन असतील तर तिसऱ्या हाताला. एक हात आधी घेतला तर डिक्लेअररकडे डमीत जायला एक चौकट उरते आणि अख्खा रंग त्याचा होतो. एक हात उशीर केला तर त्याला फुकटचा एक हात मिळतो, आणि बऱ्याचदा तोच नववा असतो.

समजा दक्षिणेकडे इस्पिक एक्का, राजा, छक्की. बदाम एक्का, राजा, राणी, तिर्री. चौकट नव्वी, पंजी. किलवर एक्का, अठ्ठी, छक्की, दुर्री आहेत. बदाम तीन-तीन फुटलेत, म्हणून त्याचे चौकटबाहेर सात हात आहेत: इस्पिकचे दोन, बदामाचे चार, किलवरचा एक. एक्का दुसऱ्या चौकटला घेतला तर त्याला चौकटचा एकच हात मिळतो, एकूण आठ, एक डाउन. तिसऱ्यापर्यंत थांबलात तर चौकटचे दोन, आणि गेम झाला.

आता दक्षिणेची बदाम तिर्री काढून तिथे चौकट सत्ती ठेवा. बाहेरचे हात सहा. आता दोन वेळा एक्का दाबला तर सहा अधिक दोन, आठच. पण दुसऱ्या हाताला घाईने घेतलात तर चौकटचे चार हात, एकूण दहा. तुमची पानं तीच, डमी तोच, बोली तीच, आणि बरोबर खेळ नेमका उलटा. पूर्वेने कितीही डोकं खाजवलं तरी फरक त्याला त्याच्या पानांत सापडणार नाही. तो फक्त पश्चिमेच्या पानात आहे.

पहिल्या डावात पश्चिमेकडे चौकट सत्ती, छक्की, दुर्री आहेत. तीन, म्हणजे विषम, म्हणून तो दुर्री टाकतो. दुसऱ्या डावात छक्की आणि दुर्री आहेत. दोन, म्हणजे सम, म्हणून तो छक्की टाकतो.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पहिला हात डमीत राजाने झाला की पुढची चौकट डमीतून निघते, आणि डमीनंतर लगेच पाळी तुमची, पूर्वेची. म्हणजे पार्टनरचं दुसरं पान दिसायच्या आधी तुम्हाला ठरवायचं आहे. ‘मोठं-लहान’ पूर्ण होईपर्यंत थांबायची सोयच नाही. पहिल्याच पानावर निर्णय घ्यावा लागतो, म्हणून पश्चिमेने पहिलं पान विचार करून टाकायला हवं आणि पूर्वेने ते नीट वाचायला हवं.

आणि वाचणं म्हणजे “छक्की म्हणजे मोठं” असं नव्हे. तेरा चौकटांपैकी कुठली पानं दिसत नाहीत ते आधी मोजा. डमीची पाच आणि तुमची तीन सोडली तर चौकटची नव्वी, सत्ती, छक्की, पंजी, दुर्री उरतात. डिक्लेअररने पंजी टाकली. पार्टनरने दुर्री टाकली तर ते त्याचं सगळ्यात लहान पान, प्रश्न मिटला: त्याच्याकडे तीन आहेत (किंवा एकच, पण तेव्हा दक्षिणेकडे चार असतात आणि तुम्ही काहीही केलंत तरी त्याला डमीत जायला पान उरतं). पार्टनरने छक्की टाकली, तर विचारायचं: दुर्री कुठे आहे? पार्टनरकडे असेल तर छक्की-दुर्री, दोन पानं. डिक्लेअररकडे असेल तर पार्टनरकडे नव्वी-सत्ती-छक्की असू शकतात, आणि मग छक्की त्याचं सगळ्यात लहान पान आहे! मुरलेला डिक्लेअरर पंजी-दुर्री या दोन पानांतून मुद्दाम पंजी खेळतो, ते याच गोंधळासाठी. समोर तसा खेळाडू नसेल तर मी दुर्री पार्टनरकडे आहे असं धरून चालतो. तसा असेल तर मात्र शंभर टक्के उत्तर नाही, अंदाजावरच खेळावं लागतं.

आता दुसरी बाजू, ज्यावरून माझं काही जणांशी नेहमी वाजतं. “प्रत्येक रंगात प्रामाणिक काउंट द्यायचाच” हा नियम मला पटत नाही. सिग्नल डिक्लेअररही बघत असतो. समजा डिक्लेअररकडे एका रंगात एक्का, राजा, गुलाम आहेत आणि राणी कोणाकडे याचा त्याला पत्ता नाही. तुम्ही आणि पार्टनर दोघांनी इमानदारीत काउंट दिला, तर रंग कसा फुटलाय हे तुम्ही त्याला आयतं सांगितलंत. त्या काउंटचा पार्टनरला काही उपयोग होता का? नव्हता. काउंट तिथेच द्या जिथे पार्टनरला काही ठरवायचं आहे: एक्का कधी घ्यायचा, डमीच्या चार पानांसमोर आपली चार राखायची का. बाकी वेळी लहान पान टाकून गप्प बसावं. अर्थात हे दोघांनी आधी बोलून ठरवलेलं असलं पाहिजे, नाहीतर पार्टनर तुमच्या गप्प बसण्यातही अर्थ शोधत बसेल.

माझा क्रम साधा आहे. पार्टनरने खेळलेल्या रंगात ॲटिट्यूड. डिक्लेअररने सुरू केलेल्या रंगात, गरज असेल तर काउंट. डमी बघून ॲटिट्यूड उघडच असेल, म्हणजे डमीत त्या रंगाची एक्का-राजा-राणी अशी भिंत असेल, तर काउंट. आणि रंग संपल्यावर टाकायचं पहिलं पान ॲटिट्यूड.

त्या पहिल्या डिस्कार्डबद्दल एक सांगावंसं वाटतं. बदाम हवाय म्हणून एक्का, राणी, नव्वी, चव्वी यांतली नव्वी फेकणारे खूप. बऱ्याचदा ती नव्वीच पुढे एक हात करणार असते. त्याऐवजी जो रंग नकोय त्यातलं सगळ्यात लहान पान टाका. “किलवर नको” ऐकून, डमीत चौकट पक्की दिसत असेल तर पार्टनरला बदामच उरतो, आणि तुम्ही काही गमावलेलं नसतं. अडचण तेव्हा होते जेव्हा नको असलेल्या रंगात तुमच्याकडे नेमकं लहान पान नसतं. नव्वी-अठ्ठी उरली आणि अठ्ठी टाकली की पार्टनर ती ‘हवाय’ म्हणून वाचणार. यावर उपाय पुन्हा तोच, छोटी पानं कुठे आहेत ते मोजा. दुर्री, तिर्री, चव्वी सगळ्या डमीत आणि तुमच्या हातात दिसत असतील तर पार्टनरची पंजीसुद्धा लहानच.

एक गोष्ट मेंढीकोट खेळत मोठे झालेल्या आपल्या मंडळींना जड जाते. तिथे भिवई उडवणं, खाकरणं, पान आपटणं हा खेळाचाच भाग. ब्रिजमध्ये निरोप फक्त कोणतं पान टाकलं यातून जायचा, कसं टाकलं यातून नाही. एकच पान असताना विचार केल्याचं नाटक करणं किंवा नकोसं पान हळूच सरकवणं नियमाबाहेर आहे. आणि तुमचे सिग्नल गुप्तही नसतात. डिक्लेअररने विचारलं की “तुम्ही काउंट साधा देता की उलटा?” तर तुमच्या करारात जे असेल ते सांगावंच लागतं.

उलट्या सिग्नलबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून तेही. लहान पान म्हणजे ‘हवाय’, मोठं म्हणजे ‘नको’. ॲटिट्यूडसाठी मला ही पद्धत खरंच जास्त चांगली वाटते, कारण ज्या रंगात आपली ताकद आहे तिथलं कामाचं मोठं पान फेकावं लागत नाही. राजा, दश्शी, नव्वी, तिर्री असतील तर तिर्री टाकून भागतं. काउंटमध्ये मात्र फार फायदा दिसत नाही, म्हणून ठरलेल्या पार्टनरबरोबर मी ॲटिट्यूड उलटा आणि काउंट सरळ ठेवतो. नवीन माणूस समोर बसला की दोन्ही सरळ. लॅविंथलचा विषय काढायच्या आधी मी त्याला एवढंच विचारतो: डिक्लेअररने डमीचा लांब रंग सुरू केला आणि एक्का माझ्याकडे आहे, तर तुमचं पहिलं पान मला काय सांगणार?