पत्रकाची मागची बाजू

मार्चच्या एकतीस तारखेला रात्री साडेदहा वाजता मी डायरी मिटली आणि बायकोला म्हणालो, "फ्रंट लोड घेऊन टाकू." वॉशिंग मशीनबद्दल बोलत होतो. गेली दोन वर्षं आमच्याकडे टॉप लोड की फ्रंट लोड हा वाद होता, आणि त्याचं खरं कारण पाण्याची बचत वगैरे नसून पैसे नसणं हे होतं.

मी नाशिकला एका डिस्ट्रिब्यूटरकडे सेल्समध्ये आहे. नळ, शॉवर, बेसिन, कमोड. लोकांच्या घरात पाहुणे शेवटी बघतात त्या सगळ्या वस्तू. पगार बेताचा, पण वर कमिशन आणि इन्सेन्टिव्ह. हे दोन वेगवेगळे प्राणी आहेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी दोघांनाही 'वरचे' म्हणायचो, ज्यातून लोकांचे गैरसमजच जास्त व्हायचे.

माझा त्या रात्रीचा हिशोब साधा होता. डायरीत मार्चचा आकडा १५,९३,००० रुपये. स्कीमच्या पत्रकात १२ लाखांच्या वर अडीच टक्के. म्हणजे ३९,८२५. शिवाय टार्गेटच्या १२० टक्के केलं तर इन्सेन्टिव्ह ६,०००. एकूण ४५,८२५. मी ही रक्कम डायरीत लिहून तिच्याभोवती चौकट काढली आणि चौकटीला सावली दिली.

एप्रिलच्या मध्यावर स्टेटमेंट आलं. कमिशन ७,९३८. इन्सेन्टिव्ह ३,०००.

मला आधी वाटलं, छपाईत एक आकडा गळलाय. मग वाटलं, दुसऱ्या कुणाचं आलंय. मग कोड बघितला तर माझाच. बायकोने शांतपणे विचारलं, "अहो, टॉप लोड तरी?"

दुसऱ्या दिवशी डायरी काखेत मारून मी अकाउंट्समध्ये धडकलो. तिथे एक काका बसतात. निवृत्तीला दोन वर्षं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि सेल्सवाल्यांवर दात. त्यांनी माझी डायरी उघडली, दोन पानं चाळली आणि विचारलं, "ही ऑर्डरची वही आहे की बिलांची?"

एवढ्या एका प्रश्नात माझे पहिले पावणेदोन लाख गेले. एकतीस तारखेला ओझरच्या पार्टीकडून मी १,७७,००० ची ऑर्डर घेतली होती, फोनवर, पेढा खात. माल निघाला दोन एप्रिलला, बिलही त्याच तारखेचं. पत्रकात स्पष्ट लिहिलंय की विक्री म्हणजे बिल, आणि महिना बिलाच्या तारखेचा. माझ्या मते विक्री पार्टी 'हो' म्हणते तेव्हा होते. काकांच्या मते ती टॅलीत पडते तेव्हा होते. पगार टॅलीतून निघत असल्यामुळे मी वाद घातला नाही.

उरले १४,१६,०००. "यात जीएसटी धरलाय," काका म्हणाले. धरला होताच. पार्टी मला देते ती रक्कम मी लिहितो. पार्टी काय जीएसटी वेगळ्या खिशातून काढते? पण कमिशन निव्वळ विक्रीवर, आणि कर हा सरकारचा सेल, माझा नव्हे.

इथे मी हुशारी दाखवायला गेलो. मोबाइलवर झटकन १८ टक्के वजा केले आणि ११,६१,१२० सांगितले. काकांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. "अरे, अठरा टक्के शंभरावर लावलेत. बिल झालं एकशे अठराचं. आता एकशे अठरातून अठरा टक्के काढशील तर शंभर कसे येतील?" भागायचं १.१८ ने. १४,१६,००० भागिले १.१८ म्हणजे बरोबर १२ लाख. म्हणजे मी माझ्याच हाताने माझे ३८,८८० रुपये कमी करून घेत होतो. अकाउंट्सवाल्यांनी मला वाचवलं, ही गोष्ट सेल्सच्या मीटिंगमध्ये मी अजून सांगितलेली नाही.

१२ लाख म्हटल्यावर माझा जीव पुन्हा अडीच टक्क्यांपाशी घुटमळू लागला. तेवढ्यात काकांनी एक क्रेडिट नोट पुढे सरकवली. सिन्नरच्या पार्टीने चाळीस बेसिन परत पाठवली होती. ७०,८०० ची नोट.

या बेसिनचा इतिहास सांगायलाच हवा. फेब्रुवारीत माझं टार्गेट साडेनऊ लाख होतं आणि सत्तावीस तारखेला मी ८,९०,००० वर अडकलो होतो. सिन्नरच्या शेठना म्हणालो, "ठेवून घ्या, नाही खपली तर बघू." त्यांनी ठेवली, फेब्रुवारीचं टार्गेट शंभर टक्के झालं, मला ३,००० इन्सेन्टिव्ह मिळाला, आणि मार्चमध्ये शेठनी बघितलं. नाही खपली.

"पण ही फेब्रुवारीची विक्री होती! मार्चमधून का कापता?" मी जरा आवाज चढवला.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "पत्रकात आहे, ज्या महिन्यात क्रेडिट नोट, त्या महिन्यात वजा. पण तुझी इच्छा असेल तर साहेबांना विचारून फेब्रुवारी उघडू."

मी मनात हिशोब केला. मार्चमधून कापल्याने माझे ९०० जाणार. फेब्रुवारी उघडला तर तिथले ९०० आणि टार्गेटच हुकल्यामुळे ३,००० असे ३,९०० जाणार. "नको," मी म्हणालो, "नियम तो नियम."

एवढं होऊनही मूळ दुखणं राहिलंच होतं. निव्वळ विक्री अकरा लाखांच्या वर आहे ना? पत्रकात ८ ते १२ लाखांना दीड टक्का. अकरा लाखांचा दीड टक्का म्हणजे सोळा-सतरा हजार. मग हे ७,९३८ कुठून आले? काका म्हणाले, "स्लॅब टप्प्याटप्प्याने असतो." मी म्हणालो, "कुठे लिहिलंय?" ते म्हणाले, "पत्रकात." पत्रकात लिहिलेलं होतं 'लागू स्लॅबनुसार निव्वळ विक्रीवर कमिशन', आणि हे वाक्य असं आहे की त्यातून दोघंही आपापला अर्थ काढून घरी जेवायला जाऊ शकतात. आम्ही तेच केलं.

रात्री बायकोने पत्रक मागितलं. त्याच्याखाली विजेच्या बिलाचा कागद होता, तो समोर धरून म्हणाली, "हे बघा, आपले दीडशे युनिट झाले. महावितरणने सगळ्या दीडशेंना वरचा दर लावलाय का? पहिल्या शंभरांना कमी, वरच्या पन्नासांनाच जास्त. तुमचंही तसंच असेल."

"अगं पण साडीच्या दुकानात पाच हजारांच्या वर दहा टक्के सूट म्हणतात, तेव्हा ती पूर्ण बिलावर देतात की नाही?"

"म्हणून तर मी पाच हजार करायला एक जास्तीची साडी घेते," ती म्हणाली, आणि मला एकदम सिन्नरची बेसिनं आठवली.

मालक टप्प्याची पद्धत का धरतात ते मला तिथे कळलं. पूर्ण विक्रीवर वरचा दर दिला तर एका रुपयाने चमत्कार होतो. १२ लाखांना एक रुपया कमी असताना दीड टक्क्याने १८,०००, आणि १२ लाख ओलांडताच अडीच टक्क्याने ३०,०००. एका रुपयात १२,००० फरक! असं असतं तर नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक दुकानात महिनाअखेरीला माझी बेसिनं रचलेली दिसली असती.

तरी निकाल लागत नव्हता. तो लागला पत्रक उलटं केल्यावर. मागच्या बाजूला बायकोने वाणसामानाची यादी लिहिली होती. साबुदाणा अर्धा किलो, शेंगदाणे एक किलो, आणि हिंग या शब्दाच्या खाली छापील अक्षरात, 'उदा. निव्वळ विक्री ९,००,००० : कमिशन ४,५००'. सरसकट दीड टक्का असता तर १३,५०० झाले असते. टप्प्याने, पहिल्या ५ लाखांना काही नाही, पुढच्या ३ लाखांना एक टक्का म्हणजे ३,०००, त्यावरच्या १ लाखाला दीड टक्का म्हणजे १,५००. झाले ४,५००. सव्वा वर्षं हे उत्तर आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली उलटं लटकत होतं.

आता फक्त आकडे जुळवायचे राहिले, आणि ते जुळेनात. १२ लाखांतून बेसिनांचे वजा करून टप्प्याने काढलं तर माझं कमिशन ८,१०० येत होतं. स्टेटमेंटमध्ये ७,९३८. फरक १६२ रुपये. बायको म्हणाली, "सोडा हो." पण सेल्समधला माणूस १६२ रुपये सोडत नाही. तो त्यासाठी दोनशेचं पेट्रोल जाळतो.

सकाळी पुन्हा काकांसमोर. त्यांनी एक्सेल उघडली. सूत्र तर बरोबर होतं, आणि खरं सांगायचं तर देखणं होतं. दर टप्प्याला फक्त वाढीव दर जोडत जायचं:

```
=MAX(0,B9-500000)*1%+MAX(0,B9-800000)*0.5%+MAX(0,B9-1200000)*1%
```

गडबड सूत्रात नव्हती, B9 मध्ये होती. तिथे निव्वळ विक्री ११,२९,२०० दिसत होती. १२ लाखांतून ७०,८०० वजा. मी बोट ठेवलं. "काका, बिलं कराशिवाय घेतलीत, आणि क्रेडिट नोट करासकट?" चाळीस बेसिनं, पंधराशेला एक, साठ हजार झाले. ७०,८०० हा नोटेच्या तळाचा आकडा होता. एकाला १.१८ ने भागायचं आणि दुसऱ्याला नाही, हा कुठला न्याय?

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा ६०,००० केला. B9 झाला ११,४०,०००, कमिशन ८,१००. माझे १६२ रुपये आले. मी उठलो, तेवढ्यात ते स्वतःच थबकले आणि पुटपुटले, "अरेच्चा."

खालच्या ओळीत इन्सेन्टिव्ह ३,००० चा ६,००० झाला होता.

मार्चचंही टार्गेट साडेनऊ लाखच होतं. त्याचे १२० टक्के म्हणजे बरोबर ११,४०,०००. आधीच्या चुकीमुळे मी ११८.८६ टक्क्यांवर लटकत होतो. कमिशनमध्ये तीच चूक १६२ रुपयांची, कारण तिथे जिना आहे, एक पायरी चुकली तर एकच पायरी खाली. इन्सेन्टिव्हमध्ये जिना नाही. तिथे कडा आहे. वर उभे असाल तर ६,०००, बोटभर अलीकडे असाल तर ३,०००.

काकांनी मग पैशांपर्यंत तपासलं. त्यांना मनापासून वाटत होतं की एखादा रुपया कमी निघेल. मी इथे आकडे गोल करून सांगितलेत. प्रत्यक्षात बारा रुपये जास्त निघाले. एका शॉवरच्या नळीवर सूट द्यायला मी विसरलो होतो, त्याची ही पुण्याई.

एकूण १४,१००. पगाराच्या स्लिपमध्ये हे पगारातच मिळवून त्यावर आयकराचा हिशोब होणार, हे काकांनी जाता जाता सांगितलं. एवढा चांगला क्षण त्यांना तसाच राहू देता आला नाही.

वॉशिंग मशीनचा विषय दिवाळीपर्यंत पुढे गेला आहे. पत्रकाची झेरॉक्स काढून ती दोन्ही बाजू दिसतील अशी मी फ्रिजवर लावली आहे. एप्रिलमध्ये ओझरच्या त्या बिलाने सुरुवात छान झाली, पण अठ्ठावीस तारखेला मी १११ टक्क्यांवर आहे, आणि संध्याकाळी सहज सिन्नरला गेलो होतो. शेठनी मला गाडीवरून उतरताना पाहिलं आणि पोऱ्याला आत हाक मारली, "गोदामाला कुलूप लाव रे."