संत्र्याचा पिकअप पुण्याच्या सोसायटीत कसा न्यावा

तुमची शेतकरी उत्पादक कंपनी वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड यांपैकी कुठल्या तरी तालुक्यात असणार आणि फाइलीतलं ‘विपणन आराखडा’ हे पान अजून कोरं असणार, असं धरून लिहितो. २०२० साली केंद्राची दहा हजार कंपन्यांची योजना आली आणि व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळू लागली. ती तीन वर्षं सरत आली की सीईओ म्हणून नेमलेला पोरगा पगारासाठी संचालकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. तेव्हा कोणाला तरी आठवतं, की कंपनीनं काही विकायचंही असतं. घाबरू नका. आराखडा एका बैठकीत होतो, फक्त गुणाकार आला पाहिजे.

एका सोसायटीत ४०० फ्लॅट. अशा ५० सोसायट्या. घरटी आठवड्याला पाच किलो संत्रा. झाले एक लाख किलो. हा आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवा आणि चहा सांगा. एवढा संत्रा आपल्या सभासदांच्या बागांत आहे का, असं कोणी विचारलं तर त्याला पुढच्या बैठकीची नोटीस पाठवू नका.

शहर निवडताना नागपूर टाळा. दोन तासांवर आहे, सकाळी तोडलेला माल दुपारी गेटवर लागतो, उरला तर संध्याकाळी परत आणता येतो. अशा ठिकाणी पराक्रम काय दाखवणार? शिवाय नागपुरात दर दुसऱ्या माणसाचा साळा काटोलला असतो आणि त्याच्याकडून पोतं फुकट येतं. पुणं घ्या. साडेसहाशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, म्हणजे बॅनर लावलेली गाडी निघताना फोटोही चांगला येतो.

मुहूर्त दिवाळीचाच धरा. आंबिया बहाराचा माल तेव्हा सुरू होतो. रात्री अजून गार पडलेल्या नसतात, त्यामुळे फळ आतून गोड झालं तरी साल हिरवट राहते. हे वरुडच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं, म्हणून पुण्याच्या माणसाला सांगायची गरज नाही. जाहिरातीत नेटवरून उचललेलं घट्ट सालीचं, लालभडक, चकचकीत फळ टाका. ग्राहकाच्या हातात तुमचं ढिल्या सालीचं, हिरव्या डागाचं, बोटानं दाबलं की दबणारं फळ आलं, की तो ग्रुपवर लिहील, ‘कच्चं आणि नासकं, दोन्ही एकदम कसं काय?’ तेव्हा उत्तर देत बसू नका. एक संत्रा सोलून गेटवरच फोडी वाटल्या असत्या तर भांडण मिटलं असतं, पण त्यात माल जातो.

आता तोड. कात्रीनं देठाची चकती ठेवून तोडायला वेळ लागतो, मजुरी वाढते. ओढून तोडा. ओढताना देठापाशी साल फाटते, तिथून बुरशी शिरते आणि तिसऱ्या दिवशी पिशवीतलं एक फळ हिरवं-निळं होऊन शेजारच्या दोघांना सोबत घेतं. तिसऱ्या दिवशी माल तुमच्या हातात नसतो, ग्राहकाच्या फ्रिजवर असतो, मग चिंता कसली? दंव सुकायच्या आत, सकाळी सहालाच तोड लावली तर बुरशीला आणखी मदत होते. पिशवी मात्र जाळीची नको, बंद प्लास्टिकची घ्या, त्यावर लोगो छान उमटतो.

पिशवी वरुडलाच बरोबर पाच किलोची भरा. वाटेत दोन-तीन दिवसांत फळातलं पाणी उडतं, वजन उतरतं. सी विंगमधले निवृत्त काका स्वयंपाकघरातला काटा घेऊन खाली येतात आणि चार किलो आठशे ग्रॅमचा फोटो टाकतात. दोनशे ग्रॅम जास्त भरणं किंवा गेटवर मोजून देणं हे उपाय आहेत, पण ते ठेलेवाल्याचे. आपण कंपनी आहोत.

ऑर्डर घेण्याची पद्धत सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्यावर सर्वांत कमी वेळ घालवा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान टाका: ‘शेतकऱ्याकडून थेट संत्रा हवा का?’ १८० घरं ‘हो’ म्हणतील. ‘हो’ म्हणायला पैसे पडत नाहीत आणि शेतकऱ्याला ‘नाही’ म्हणायला कोणाचं मन होत नाही. याच आकड्यावर गाडी भरा. गुरुवारी रात्री ऑर्डर बंद करून आगाऊ पैसे घेतले, तर १८० चे पन्नासएक उरतात आणि बैठकीतला उत्साह मावळतो.

एक खेप करून पाहू. आकडे मानलेले आहेत, पण तुमच्या वहीतल्या आकड्यांपासून फार लांब नसतील. पिकअपमध्ये ७० क्रेट, २० किलोचं एक, म्हणजे १४०० किलो. सभासदाला ३० रुपये किलो दिले: ४२ हजार. तोड, निवड, पिशव्या किलोला पाच रुपये: सात हजार. गाडीभाडं जाऊन-येऊन २५ हजार. दोन पोरांचं राहणं-खाणं आणि सोसायट्यांची स्टॉल फी सहा हजार. एकूण ८० हजार. सत्तर रुपये किलोनं सगळा माल गेला तर ९८ हजार येतात. नफा १८ हजार. सल्लागारसाहेब इथं टाळी घेतात.

रविवारी सकाळी आठला गाडी पहिल्या गेटवर पोचते. वॉचमन म्हणतो, एंट्री नाही, सेक्रेटरीसाहेब अजून उठले नाहीत. उठतात. गाडी तळघराच्या कमानीखालून जात नाही, म्हणून बाहेर रस्त्यावर उभी करून क्रेट हातांनी आत न्यावे लागतात. १८० ‘हो’ पैकी ४६ घरं पिशवी घेतात: २३० किलो. बाकीचे गावाला गेलेत, झोपलेत, किंवा त्यांनी काल रात्रीच ॲपवरून मागवलं. दुसऱ्या सोसायटीत १९० किलो, तिसरीत १६०. तोवर दुपारचा एक वाजतो. चौथी म्हणते, आता विश्रांतीची वेळ, चारनंतर या. चारनंतर पोरं थकलेली असतात आणि ड्रायव्हर परतीची घाई करत असतो.

विकला ५८० किलो, आले ४० हजार ६००. नासलं, चाखायला दिलं, वजनात भर घातली ते साठ किलो. उरलेला ७६० किलो माल सोमवारी पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, ज्या मधल्या माणसाला हटवायला हा आराखडा केला त्याच्याच गाळ्यावर, २८ रुपयांनी: २१ हजार २८०. एकूण ६१ हजार ८८०. तोटा १८ हजार १२०. म्हणजे आराखड्यातला आकडा जवळजवळ बरोबर निघाला, फक्त त्याच्या आधीची खूण बदलली.

इथं एक धोका सांगून ठेवतो. कंपनीत हिशेब लिहिणारा पोरगा असतो. तो उठून म्हणेल, “भाऊ, गाडी काहून नेता? वरुडातून रोज संत्र्याचे ट्रक जाऊन राह्यले पुण्याले. त्याच्यात बत्तीस क्रेट टाका, किलोले पाच रुपये भाडं धरा. तिथं एक दिवसाचा छोटा टेम्पो करू.” मग तो पाटीवर मांडू लागेल: माल ६४० किलो, कारण साठ किलो जाणारच. खरेदी, तोड आणि ट्रकभाडं मिळून चाळीस रुपये किलो, म्हणजे २५ हजार ६००. टेम्पो साडेतीन हजार. पोरं आणि स्टॉल सहा हजार. एकूण ३५ हजार १००, आणि आले तेच ४० हजार ६००. साडेपाच हजार उरले. त्याला तिथंच थांबवा. दुसऱ्याच्या ट्रकवर आपला बॅनर कसा लावणार, हे विचारा. शिवाय साडेपाच हजारांची बातमी होत नाही. तो आणखी म्हणेल, की पन्नास सोसायट्या नको, एकमेकींना लागून असलेल्या तीनच धरू आणि दर पंधरा दिवसांनी त्याच करू. एका गेटवर तासाभरात किती किलो उतरतो यावरच धंदा ठरतो. असं स्पष्ट बोलणारी माणसं कंपनीत टिकत नाहीत, तोही पुढं बँकेत लागतो.

ए विंगमध्ये एक काकू असतात. त्या न सांगता यादी करतात, न आलेल्यांना फोन लावतात, राहिलेल्या पिशव्या आपल्या पार्किंगमध्ये ठेवून घेतात. पहिल्या सोसायटीत ४६ पिशव्या गेल्या, त्यातल्या निम्म्या त्यांच्यामुळं. त्यांना एक पिशवी फुकट देऊ नका, सवय लागते. त्याऐवजी चेअरमनचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करा. ते संत्रा खात नाहीत, आम्लपित्त आहे.

सभासदांचं काय, असा प्रश्न राहतोच. कास्तकाराला ‘माल गेल्यावर पैसे’ सांगा. बागवान, म्हणजे फळांचा व्यापारी, बांधावर येऊन रोख मोजतो, दोन रुपये जास्तही देतो. मग मोठा माल बागवानाच्या गाडीत चढतो आणि कंपनीच्या वाट्याला बारीक फळांची चुरी येते. तीच चुरी निवडून ‘प्रीमियम’ छापा. सभासद बेईमान आहेत, असा ठराव करता येतो. मुलीची फी भरायला त्याला त्याच दिवशी पैसे हवे होते, हा मुद्दा ठरावात बसत नाही.

बहार संपला की ग्रुप गप्प होतो. तो गप्पच राहू द्या. जानेवारीत तूर निघते, मिनी डाळ मिलवर क्विंटलमागे साधारण सत्तर किलो डाळ पडते. तिला संत्र्यासारखी तिसऱ्या दिवसाची भीती नाही. उरली तर पुढच्या खेपेला जाते आणि त्याच ४६ घरांना वर्षभर लागते. पण पाकिटावर छापील लेबल लावलं की २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे, परवान्याचा नंबर छापावा लागतो, पावसाळ्यात भुंगा निघू नये म्हणून डाळ नीट वाळवावी लागते. एवढी कटकट कशाला? पुढच्या दिवाळीला नवा ग्रुप काढून नव्यानं मतदान घ्या.

वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये येते. आलूबोंडे आधी वाटा, ताळेबंद नंतर. तोट्याला ‘बाजारपेठ विकास खर्च’ म्हणा आणि पडद्यावर बॅनरवाल्या पिकअपचा फोटो ठेवा. मागच्या रांगेतून कोणी तरी उठेलच: “साहेब, माह्या बावीस क्रेटचे पैसे कधी भेटन?” त्याला प्रेमानं बसवा आणि सांगा, की हा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणाऱ्या विषयांत घेऊ, वेळ उरला तर.