मिनिट्स पाठवताना घातलेली मुदत: एका बागायतदार काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: ताई, बैठकीचे मिनिट्स, म्हणजे काय बोलणं झालं याची लेखी नोंद, पाठवताना दुरुस्तीची मुदत घालावी हा तुमचा लेख वाचला, पण पटला नाही. माझी राजापूरकडे पस्तीस वर्षं आंब्याची बागायत आहे. "अमुक तारखेपर्यंत दुरुस्ती कळवा, नाहीतर मान्य समजू" असं कारखान्याला लिहिलं तर तो म्हणेल, हे आता नोटिसा द्यायला लागले. पुढच्या वर्षी आंबा दुसऱ्याकडून घेईल. आणि गप्प बसणं म्हणजे होकार, असं कोर्टही मानत नाही. मग ही मुदत नुसती कागदावरची नाही का?

उत्तर: नमस्कार काका. आधी कोर्टाचं बोलते, कारण तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मुदतीची ओळ कशी लिहायची हे त्यावरूनच ठरतं.

१८६२ साली इंग्लंडमध्ये फेल्टहाउस विरुद्ध बिंडली असा एक खटला झाला. काकाने पुतण्याला लिहिलं होतं की घोड्याबद्दल तुझ्याकडून काही कळलं नाही, तर तो अमुक किमतीला माझा झाला असं मी धरीन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. पुढे लिलावात तो घोडा चुकून विकला गेला, काका कोर्टात गेला आणि हरला. समोरच्यावर "नाही" म्हणण्याचं ओझं टाकून आपण त्याचा होकार तयार करू शकत नाही. आपला १८७२ चा करार कायदाही प्रस्तावाला संमती कळवावी लागते असंच म्हणतो.

उलटं उदाहरणही आहे. कंपन्यांच्या संचालक मंडळाच्या सभांसाठी जे सचिवीय मानक लागू आहे, त्यात मिनिट्सचा मसुदा सभेनंतर १५ दिवसांत संचालकांना पाठवायचा असतो, त्यांनी ७ दिवसांत म्हणणं कळवायचं असतं, आणि नाही कळवलं तर त्यांना तो मान्य आहे असं धरतात. पण संचालक त्या नियमाने आधीच बांधलेले असतात. तुमचा बागायतदारांचा गट आणि कारखाना यांच्यात असं काहीच नसतं. त्यामुळे संचालक मंडळाची ओळ उचलून बाहेरच्या माणसाला पाठवली, तर ती खरोखरच नोटिशीसारखी वाचली जाते आणि कायद्यानेही तोकडी पडते.

मग मुदत कशासाठी? बैठकीत काय बोलणं झालं याची नोंद, दोन्हीकडची आठवण ताजी असताना पक्की करण्यासाठी. तिचं काम एवढंच, आणि ते मोठं आहे. नवी अट समोरच्याच्या गळ्यात घालणं हे तिचं काम नाही. या दोन गोष्टी एका वाक्यात कोंबल्या की तुम्हाला वाटतं ती भीती खरी ठरते.

नावं बाजूला ठेवून एक नमुन्याची बैठक घेऊ. बागायतदारांचा गट आणि कॅनिंगचा कारखाना, शनिवार ११ एप्रिल. मे महिन्यात पेटीला न जाणारा आंबा कारखान्याला किलोवर द्यायचा आहे. मुद्दा ४ दराचा आणि मुद्दा ६ साक्याच्या घटीचा. साक्याचं तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते: हापूस बाहेरून निर्दोष दिसतो आणि कापल्यावर आत कोयीच्या बाजूला फिकट, भुसभुशीत, आंबूस गर निघतो. म्हणजे वजनकाट्यावर माल उतरवताना दोष दिसतच नाही. तो दिसतो कापणीच्या टेबलावर, बागायतदार घरी परतल्यानंतर. वीस किलोचे शंभर क्रेट म्हणजे दोन टन आंबा. हिशेबासाठी किलोला ३० रुपये धरू. कारखान्याने दहा टक्के घट लावली तर दोनशे किलो, म्हणजे सहा हजार रुपये एका खेपेत कमी येतात. ही घट कोणी आणि कोणासमोर मोजायची, याला म्हणूनच इतकी किंमत आहे. मिनिट्समध्ये "साका निघाल्यास घट धरली जाईल" एवढंच लिहिलं, तर कोणी हरकत घेणार नाही आणि भांडण मेअखेरीला होईल. म्हणून गटाने लिहिलं: "प्रत्येक खेपेतले पाच क्रेट गटाच्या माणसासमोर कापून घटीची टक्केवारी ठरेल."

आता मुदत. ती तुम्ही मेलमध्ये पहिल्यांदा लिहिलीत तर नोटीस वाटेल. बैठक उठण्यापूर्वी खरेदी अधिकाऱ्यालाच विचारा, "साहेब, सोमवारी मसुदा पाठवतो, तुम्हाला बघून कळवायला कधीपर्यंत जमेल?" ते म्हणतील, मुंबईला मोठ्या साहेबांना दाखवावं लागेल, शुक्रवार धरा. मग तारीख त्यांची झाली. तीच मिनिट्सच्या शेवटच्या मुद्द्यात लिहायची. तुमच्या संबंधांच्या काळजीवर मला माहीत असलेला हा सगळ्यात चांगला उपाय आहे, आणि आपल्या शब्दावर चालणाऱ्या माणसांत तो अगदी सहज बसतो.

किती दिवस द्यायचे हे आकड्याच्या सवयीने ठरवू नका, दोन गोष्टी बघून ठरवा. पहिली, त्यांच्याकडे कागद किती टेबलांवरून फिरणार. दुसरी, त्या नोंदीवर पहिलं काम कधी होणार. आंब्याचा पहिला ट्रक मेच्या पहिल्या आठवड्यात निघणार असेल, तर दुरुस्ती, तिच्यावरचं बोलणं आणि सुधारलेली प्रत हे सगळं एप्रिलमध्येच आटपायला हवं. सोमवारी १३ तारखेला मसुदा गेला आणि मंगळवारी १४ एप्रिलची, आंबेडकर जयंतीची सुट्टी आली, तर शुक्रवारपर्यंत त्यांच्या हातात कामाचे जेमतेम तीन दिवस राहतात. तेवढे पुरतात. "सात दिवसांत" असं मात्र लिहू नका, कारण सात दिवस पाठवल्यापासून की मिळाल्यापासून, सुट्टी धरून की सोडून, यावर वाद होतो. वार, तारीख आणि वेळ लिहिली की मोजायला काही उरत नाही.

मेल साधारण असा:

> विषय: ११ एप्रिलच्या बैठकीच्या मिनिट्सचा मसुदा, दुरुस्त्या शुक्रवार १७ एप्रिल, सायंकाळी ५ पर्यंत
>
> नमस्कार. शनिवारच्या बैठकीचा मसुदा सोबत जोडला आहे. बोलण्याची नोंद कुठे चुकली असेल किंवा काही राहिलं असेल, तर बैठकीत ठरल्याप्रमाणे शुक्रवार १७ एप्रिल, सायंकाळी ५ पर्यंत मुद्दा क्रमांकासह याच मेलवर कळवावं. तोपर्यंत काही आलं नाही तर हा मसुदा बैठकीची नोंद म्हणून आम्ही दप्तरी लावू. नंतर चूक लक्षात आली तरी जरूर कळवा, ती पुढच्या बैठकीत नोंदवून घेऊ. मुद्दा ४ (दर) आणि मुद्दा ६ (साक्याची घट) मात्र तुमचा लेखी होकार आल्यावरच ठरले असं धरू.

शेवटचं वाक्य नीट बघा. ज्या मुद्द्यांत पैसे किंवा जबाबदारी आहे, तिथे मौनावर विसंबायचंच नाही. बाकीच्या नोंदीसाठी मौनाचा उपयोग होतो, पण मर्यादित: बैठकीनंतर लगेच लिहिलेली, समोरच्याला पोचलेली आणि वेळेत कोणी न खोडलेली नोंद पुढे वादात वजनाची ठरते. ती शेवटचा शब्द नसते. "मान्य समजू" हे शब्द मी त्या मेलमध्ये मुद्दाम घातलेले नाहीत.

"ओके, नोटेड" असं उत्तर आलं तर तो मुद्दा ४ आणि ६ चा होकार नव्हे, मेल वाचल्याची पावती आहे. त्या दोन मुद्द्यांसाठी पुन्हा विचारावं लागतं. काहीच आलं नाही तर गुरुवारी एक फोन करायचा, बैठकीला हजर होते त्यांनाच, आणि फोन झाल्याचं त्याच मेलखाली एका ओळीत लिहून टाकायचं.

खरी कसोटी दुरुस्ती आल्यावर लागते. समजा गुरुवारी कारखान्याचा मेल आला. त्यात तीन गोष्टी आहेत. त्यांच्या एका माणसाचं पद चुकलंय. मुद्दा ६ मध्ये "गटाच्या माणसासमोर" असं ठरलं नव्हतं, "फोटो पाठवू" असं ठरलं होतं. आणि मुद्दा ४ मध्ये ठरावीक दराऐवजी "त्या दिवशीच्या बाजारभावाप्रमाणे" असं करावं.

पद लगेच दुरुस्त करायचं, त्यात विचारण्यासारखं काही नाही. साक्याच्या मुद्द्यावर आठवणी खरोखर वेगळ्या असू शकतात. तिथे आपलं वाक्य रेटायचं नाही आणि त्यांचंही गुपचूप घालायचं नाही. नोंद अशी करायची: "गटाच्या आठवणीप्रमाणे पाच क्रेट गटाच्या माणसासमोर कापायचे ठरले. कारखान्याच्या आठवणीप्रमाणे फोटो पाठवायचे ठरले. हा मुद्दा खुला आहे, सोमवारी २० एप्रिलला फोनवर ठरवायचा." मिनिट्स लिहिणाऱ्याने न्यायाधीश होऊ नये. वाद आहे हे प्रामाणिकपणे लिहिलं की तो एप्रिलमध्ये सुटतो, आणि तेव्हा दोघांनाही एकमेकांची गरज असते. मेअखेरीला पाऊस तोंडावर आला की बागायतदाराचा हात दगडाखाली असतो.

दराची गोष्ट वेगळी आहे. बैठकीत ठरावीक दराचंच बोलणं झालं होतं, हे तेही नाकारत नाहीत. त्यांचा विचार नंतर बदलला आहे. ही दुरुस्ती नव्हे, नवा प्रस्ताव आहे. तसं करण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, पण ११ तारखेची नोंद त्यासाठी बदलायची नाही. ती तशीच ठेवून खाली लिहायचं: "१६ एप्रिलला कारखान्याने मेलने बाजारभावाचा प्रस्ताव दिला, गटाचं उत्तर बाकी." आणि उत्तर खरंच द्यायचं. नाहीतर उद्या आपल्या मौनाचा अर्थ ते लावतील.

सुधारलेली प्रत ज्यांना ज्यांना मसुदा गेला त्या सगळ्यांना पुन्हा जाते. वर "सुधारित, १८ एप्रिल" असं लिहायचं, बदललेल्या ओळी ठळक करायच्या आणि फक्त त्याच ओळींसाठी दोन दिवस द्यायचे. जुना मसुदा फेकू नका, आणि सगळ्यांना उघडता येणाऱ्या एकाच फाइलमध्ये मजकूर बदलत बसू नका. कोणती ओळ कधी बदलली हे नंतर कोणालाच सांगता येत नाही, आणि विश्वास तिथे तुटतो. तारीख लिहिल्याने तो तुटत नाही.

तुमच्याकडचे काही खरेदीदार मेल उघडतच नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यांना तीच पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवा, पण ग्रुपवर नको, थेट त्या माणसाला. खाली मुदतीची ओळ टाइप करा आणि मुद्दा ४ व ६ प्रत्येकी एका स्वतंत्र मेसेजमध्ये लिहून "यावर हो किंवा नाही कळवा" असं विचारा, म्हणजे उत्तर त्या मेसेजखालीच येतं. त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवला तर त्यात ऐकलेलं तुम्ही टाइप करून परत पाठवा आणि "असंच ना?" विचारा. यंदा साक्याचं कलम तुम्ही कारखान्याशी कसं ठरवताय ते कळवलंत तर मला उपयोग होईल, कारण पाच क्रेट पुरेसे आहेत का, याबद्दल तुमच्या बाजूच्या बागायतदारांचं मत मला हवं आहे.