तीन वर्षं झाली म्हणून सोनं सासरचं होत नाही

“बायको आपणहून घर सोडून गेली आणि तीन वर्षांत सोनं मागितलं नाही, तर तिचा हक्क संपतो. सासरनं घातलेलं तर तिचं नसतंच. बिल वडिलांच्या नावाचं असेल तर वडिलांनी मागावं.”

हा मेसेज वाचून खानापूरच्या मावशीनं बिलांची पिशवी परत ट्रंकेत टाकली. माझी मावसबहीण गडहिंग्लजचं सासर सोडून आली त्याला चार वर्षं झाली. म्हणून राग येतो.

तीन वर्षांचं आधी. 2008 मध्ये कोर्टातून विभक्त झालेल्या त्रिपुराच्या कृष्णा भट्टाचार्जींनी 2010 मध्ये स्त्रीधन मागितलं. खालच्या कोर्टांनी आणि उच्च न्यायालयानंही अर्ज फेटाळला; उशीर झाला हेही त्यातलं एक कारण. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते सगळं उलटवलं: नवऱ्याकडे स्त्रीधन म्हणजे ठेव, आणि ती दाबून ठेवली तर तो गुन्हा रोज चालूच राहतो. तिथं घटस्फोट झालेला नव्हता, एवढं लक्षात ठेवा. आमच्या बहिणीचाही झालेला नाही.

हक्क खरा जातो तो दुसरीकडेच. परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या कागदात “स्त्रीधन मिळालं, आता काही देणंघेणं उरलं नाही” अशी ओळ असते आणि बाई न वाचता सही करते. सोनं हातात येईपर्यंत त्या ओळीवर सही नको.

अर्जासाठी गडहिंग्लजला खेटे घालायचीही गरज नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 27 नुसार ती राहते तिथल्या, म्हणजे खानापूरच्या कोर्टात अर्ज चालतो. त्रास झाला असेल तर ‘आपणहून आली’ हा मुद्दा आडवा येत नाही. कलम 19(8) खाली स्त्रीधन परत मागायचं आणि त्याच अर्जात कलम 18 खाली लॉकर उघडायला नि दागिने विकायला मनाई मागायची. नाहीतर नोटीस पोचेपर्यंत गंठण सोनाराच्या भट्टीत जातं.

बिल वडिलांचं असलं तरी मालक मुलगीच. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तिनं अधिकार दिल्याशिवाय वडील मागूच शकत नाहीत. सासरनं तिला भेट म्हणून घातलेलंही तिचंच.

काल पिशवी पुन्हा उघडली. पाटल्या चार तोळे, बिल आहे. बोरमाळेचं बिल नाही, पण लग्नाच्या फोटोत ती गळ्यात ठसठशीत दिसते. तांब्याच्या घागरीवर ठिपक्यांनी बहिणीचं नाव कोरलंय, तिचाही फोटो निघाला. सुपारी फुटली तेव्हाची यादी सापडली, दोन्हीकडच्या सह्यांसकट. तिच्यात हुंड्याची एक ओळ आहे. मावशी ते पान फाडायला निघाली होती. मी म्हटलं, आधी वकिलाला दाखवू, हुंडासुद्धा कायद्यानं शेवटी मुलीलाच द्यावा लागतो.

मेसेजवाल्याच्या बाजूनं एवढंच: सासरकडचं सगळं सोनं काही तिचं नव्हे. जावयाला घातलेली अंगठी मी यादीतून खोडली. मावशी त्यावरून अजून बोलत नाही.