कळावे

आमचे भाऊजी वकील आहेत आणि नोटीस मराठीतच काढतात. त्या मराठीत त्यांचा हात कोणी धरू शकणार नाही. पण एकदा त्यांच्या एका अशिलाचे पैसे परदेशातल्या एका गृहस्थाकडे अडकले. माल घेतला आणि पैसे काही दिले नाहीत. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून भाऊजींनी नोटीस माझ्यापुढे टाकली. “दोनच पानं आहेत. भाषांतर करून टाक.”

दोनच पानं होती खरी, पण ती दोन पानं मिळून वाक्य एकच होतं. “आमचे अशिलांनी आम्हांस दिलेल्या माहितीवरून व अधिकारावरून आम्ही तुम्हांस ही नोटीस देतो की,” इथे सुरू झालेलं वाक्य थेट “याची नोंद घ्यावी” इथे जाऊन टेकत होतं. मध्ये “सदरहू” नऊ वेळा. इंग्रजीत एवढा दम कोणाला नाही, म्हणून मी त्याचे चौदा तुकडे केले. “उडवाउडवीची उत्तरे” इथे अर्धा तास गेला. काय काय उडवलं ते लिहायचा मोह आवरला आणि “टाळाटाळीची उत्तरं” एवढाच अर्थ ठेवला. संध्याकाळपर्यंत इंग्रजी नोटीस तयार झाली आणि मी स्वतःवर खूश झालो.

ती मी परदेशात वाढलेल्या माझ्या भाचीला वाचायला पाठवली. कायद्याचा तिला गंध नाही, म्हणून मुद्दाम तिलाच. तीनच प्रश्न विचारले: किती द्यायचेत, कधीपर्यंत द्यायचेत, नाही दिले तर काय होईल?

तिचं उत्तर आलं, “मामा, रक्कम छापताना स्वल्पविराम चुकलाय. तारीख मे महिन्यातली आहे. आणि नाही दिले तर काहीतरी ‘अ‍ॅप्रोप्रिएट’ होईल, म्हणजे काय ते तिथे नाही.”

मी नोटीस पुन्हा काढून बसलो. रक्कम होती ५,४०,०००. आपला स्वल्पविराम लाखापाशीही पडतो, त्यांचा इथे फक्त हजारापाशी. परक्या डोळ्याला आपला आकडा छपाईची चूक वाटतो, आणि वादात अशी शंका नेहमी ऋणकोच्या सोयीची असते. त्यांच्या पद्धतीने ५४०,००० लिहून पुढे “भारतीय रुपये” आणि अक्षरी रक्कम टाकली. अक्षरीतही “लाख” नको, पाचशे चाळीस हजार.

तारखेचा घोळ मोठा होता. “दि. ०५/०६/२०२४ रोजी रक्कम देय झाली” असं मूळ नोटिशीत होतं. आपल्याला तो जूनचा पाच. पण जिथे आधी महिना आणि मग दिवस लिहितात, तिथे तो मेचा सहा. व्याज द.सा.द.शे. १२, म्हणजे रोजचे साधारण १७७ रुपये ५३ पैसे. त्या दोन तारखांमध्ये ३० दिवस, म्हणजे सुमारे ५,३२६ रुपयांचा फरक, तोही आमच्याच अशिलाने जास्त मागितलेला. मी महिना अक्षरात लिहिला. “द.सा.द.शे.” मात्र तसंच ठेवून चालणार नव्हतं. दर साल दर शेकडा हे आपल्या शाळेतल्या गणिताच्या पुस्तकाबाहेर कोणाला ठाऊक?

“भाऊजी, हे व्याज सरळ की चक्रवाढ? नोटिशीत नाहीये.”

“अरे, सरळच! तेवढं कळतं माणसाला.”

लिहिलेलं नव्हतं, तेव्हा मीही लिहिलं नाही. भाषांतरकाराने पदरचं घालायचं नसतं.

मग मुदत. “ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांचे आत.” मराठीत वाचताना हे अगदी खणखणीत वाटतं. इंग्रजीत उतरवायला गेलो की त्याच्या फटी दिसायला लागतात. नोटीस ईमेलनेही जाणार होती आणि टपालानेही. ईमेल आज, टपाल कदाचित तीन आठवड्यांनी. मग “मिळाल्यापासून” म्हणजे नक्की कुठपासून? मिळाला तो दिवस धरायचा का? आपल्याकडच्या १८९७च्या जनरल क्लॉजेस कायद्यात ‘पासून’ला पहिला दिवस सोडतात, पण हे समुद्रापलीकडच्या माणसाने कुठून ओळखायचं? शिवाय पंधराव्या दिवशी पैसे पाठवायचे की आमच्या खात्यात जमा व्हायचे? परदेशातून निघालेली रक्कम वाटेत दोन-चार दिवस मुक्काम करते.

भाऊजींना हे सांगितलं तेव्हा ते आधी वैतागले. “तीस वर्षं मी हेच वाक्य घालतोय!”

“तीस वर्षं नोटीस घेणारा तुमच्याच कोर्टाच्या आवारात राहत होता ना?”

एवढं बोलून मी जीभ चावली, पण भाऊजींनी पेन काढलं. मुदत मी भाषांतरात बदलू शकत नव्हतो. एका प्रतीत पंधरा दिवस आणि दुसरीत तारीख, असं झालं तर तो गृहस्थ त्या दोन प्रतींच्या मधून आरामात निघून जाईल. म्हणून आधी मूळ मराठीच बदललं: “बुधवार, दि. ३० एप्रिल २०२५ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सायंकाळी ५ वाजेपर्यंत खाली दिलेल्या खात्यात जमा झाली पाहिजे.” मग ते इंग्रजीत आपोआप सरळ उतरलं.

उरलं ते ‘अन्यथा’. “अन्यथा योग्य त्या कोर्टात योग्य ती दिवाणी व फौजदारी स्वरूपाची कारवाई करणे भाग पडेल व होणाऱ्या परिणामांची जबाबदारी तुमचेवर राहील.” मराठी माणूस हे वाचून दचकतो, कारण “योग्य ती” यात काय काय बसतं ते त्याने ऐकलेलं असतं. परक्याला ते सौजन्य वाटतं.

“यातलं फौजदारी कशाबद्दल?” मी विचारलं.

“ते असतंच.”

“गुन्हा कोणता?”

भाऊजी थोडा वेळ छताकडे बघत राहिले. नुसतं बिल थकवणं हा गुन्हा नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. हाच शब्द इंग्रजीत जाऊन तिथल्या वकिलाच्या टेबलावर पडला असता, तर त्याने पहिली धमकी पोकळ निघाली म्हणून बाकीचीही पोकळच धरली असती. ‘फौजदारी’ खोडलं. त्याच्या जागी तीन छोटी वाक्यं आली. वसुलीचा दावा दाखल करू. त्यात मुद्दल, व्याज आणि कोर्टखर्च मागू. समन्स मिळूनही हजर राहिला नाहीत तर कोर्ट एकतर्फी हुकूमनामा देऊ शकतं.

“आणि तो तुमच्या देशात बजावू, हेही घालू का?” मला आता चेव चढला होता.

“नको. ते देशावर असतं. ब्रिटनशी तशी परस्पर सोय आहे, अमेरिकेशी नाही. जे करता येईलच असं नाही, ते लिहायचं नाही.”

शेवटी “कळावे” होतं. नातेवाइकांच्या पत्रात पुढे “लोभ असावा” येतं, नोटिशीत ते गळतं आणि तेवढ्यावरूनच आपल्याला प्रकरण कळतं. इंग्रजीत त्याला काही सापडेना. सोडून दिलं. भाचीने नवी प्रत वाचली आणि तिन्ही उत्तरं बरोबर दिली.

२२ एप्रिलला त्या गृहस्थाचं ईमेल आलं. भाऊजींनी ते न उघडताच मला पाठवलं. मजकूर दोनच ओळींचा होता. रक्कम आणि मुदत समजली, मंगळवारी पैसे पाठवायचा विचार आहे, पण ते बुधवारी पाचच्या आत पोहोचतील की नाही याची खात्री नाही, तेव्हा सोमवारीच पाठवतो. त्याआधी कृपया एवढंच कळवा: व्याज सरळ, की चक्रवाढ?